हेतू केसपेपरवर दिसतो: शेवटच्या दिवसांतल्या गुंगीबद्दल

"मॅडम, ह्या इंजेक्शनानं आई जाईल का ओ?"

वॉर्डाच्या दारात मला अडवून आक्कांच्या थोरल्या मुलानं हे विचारलं, तेव्हा त्याच्या हातात औषधांची चिठ्ठी होती. चिठ्ठीवर मिडाझोलामचं नाव होतं. बाहेरच्या दुकानातल्या माणसानं त्याला सांगितलं होतं, "हे झोपेचं आहे, ऑपरेशनच्या आधी देतात." झोपेचं औषध, आई शेवटच्या टप्प्यात, आणि डॉक्टर म्हणतात आजच सुरू करू. त्यानं दोन आणि दोन चार केले होते. मी उभ्या उभ्या जे उत्तर दिलं ते बरोबर होतं, पण अपुरं होतं. पुरं उत्तर द्यायला जरा बसावं लागतं. तेच इथे करते आहे. (आक्कांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आक्का चौसष्ट वर्षांच्या. स्तनाचा कर्करोग हाडांत आणि यकृतात पसरलेला. दुखण्यासाठी दोन महिने मॉर्फिनच्या गोळ्या सुरू होत्या, दर चार तासांनी 20 मिलीग्रॅम, म्हणजे दिवसाला 120. गिळणं बंद झालं तेव्हा तेच औषध पंपातून त्वचेखाली सुरू केलं. हा पंप म्हणजे एक छोटं यंत्र. त्यात सिरिंज बसवली की चोवीस तासांत ती हळूहळू रिकामी होते. तोंडातून घेतलेल्या मॉर्फिनचा बराच भाग यकृतात वाया जातो, त्यामुळे त्वचेखाली साधारण निम्मा डोस पुरतो. आक्कांना दिवसाला 60 मिलीग्रॅम पुरत होतं. दुखणं आटोक्यात होतं, त्या बोलत होत्या, चहाचे दोन घोट घेत होत्या.

मग चौथ्या दिवशी झोप उडाली. चादर ओढणं, उठून बसायचा प्रयत्न, मेलेल्या बहिणीला हाका. कुणी हात धरला की किंचाळायच्या. रात्रभर दोन्ही सुना त्यांना धरून बसायच्या आणि सकाळी त्यांच्याच दंडांवर ओरखडे असायचे.

इथे पहिली चूक होऊ शकते, आणि ती बरेचदा होते. रुग्ण तळमळतोय म्हणजे दुखतंय, असं समजून मॉर्फिन वाढवलं जातं. आक्कांचे हातपाय मधूनच झटका बसल्यासारखे उडत होते. लघवी कमी झाली होती. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं होतं. मूत्रपिंड थकलं की मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारे पदार्थ बाहेर पडत नाहीत, साठत जातात. त्यांनीच झटके येतात आणि भ्रम वाढतो. अशा वेळी मॉर्फिन वाढवणं म्हणजे आगीत तेल. आम्ही मॉर्फिन बंद करून फेंटानिल हे दुखण्याचं दुसरं औषध लावलं, कारण ते थकलेल्या मूत्रपिंडाला जास्त चालतं. मूत्राशय तुंबलाय का पाहिलं, कॅथेटर घातला. पोट साफ केलं. कॅल्शियम पाहिलं, कारण हाडांच्या कर्करोगात ते वाढलं की माणूस असाच बडबडतो. भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल दिलं, डोस वाढवला, दोन दिवस वाट पाहिली. झटके थांबले. तळमळ थांबली नाही.

हे सगळं इतकं सविस्तर सांगण्याचं कारण आहे. दुखण्याचं औषध आणि गुंगीचं औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉर्फिन दुखणं आणि धाप कमी करतं. शांत झोप आणण्यासाठी ते चांगलं औषध नाही, त्या कामासाठी वाढवलं तर भ्रम आणि झटकेच पदरात पडतात. गुंगीचा विचार कधी करायचा? बाकीचे उपाय हरल्यावर, किंवा ते लागू पडायला जितका वेळ हवा तितका वेळ रुग्णाकडे नसेल तेव्हा. आमच्या भाषेत अशा त्रासाला "दाद न देणारा" म्हणतात. तो शब्द केसपेपरवर लिहिण्याआधी काय काय करून पाहिलं, हे वरच्या ओळीत लिहिलेलं असावं लागतं.

आक्का शुद्धीवर असताना एकदा आमच्या सिस्टरला म्हणाल्या होत्या, "मला काय कळलं नाही तरी चालंल, पर असं तडफडाय नको." सिस्टरनी ते तारखेसह नोंदवून ठेवलं होतं. शेवटी गुंगी द्यायची ठरली तेव्हा आक्का स्वतः होकार देण्याच्या अवस्थेत नव्हत्या. ती एक ओळ आणि मुलांशी झालेलं बोलणं, यावर आम्ही पुढे गेलो. पहिलं इंजेक्शन देण्यापूर्वी घरच्यांना भेटून घ्या, काही बोलायचं असेल तर आत्ता बोला, असंही सांगितलं. गुंगीत गेल्यावर बोलणं पुन्हा होईलच असं नाही.

दिलं काय? मिडाझोलाम 2.5 मिलीग्रॅम, त्वचेखाली. अर्ध्या तासानं पाहिलं तर तळमळ थोडी कमी. पुन्हा 2.5. मग शांत. त्यानंतर पंपात चोवीस तासांना 15 मिलीग्रॅम, म्हणजे तासाला जेमतेम 0.6. पुढच्या दिवसभरात तळमळ तीन वेळा उसळली, तीन जादा डोस लागले, म्हणून दुसऱ्या दिवशी पंप 25 वर नेला. फेंटानिल जसं होतं तसंच चालू. गुंगीत माणूस दुखतंय म्हणून सांगू शकत नाही, म्हणून दुखण्याचं औषध बंद करायचं नसतं. आधी दर पंधरा-वीस मिनिटांनी आणि स्थिरावल्यावर दर चार तासांनी सिस्टर कपाळावरच्या आठ्या, कण्हणं, हात कुठे जातात, हाक मारल्यावर डोळे उघडतात का, हे पाहून लिहीत होत्या. हाक मारली की आक्का पहिल्या दिवशी डोळे किलकिले करायच्या. त्याहून खोल गुंगीची त्या दिवशी गरज नव्हती, म्हणून ती दिली नाही.

आता मुलाच्या प्रश्नाकडे. त्या प्रश्नाच्या मागे एक जुना सिद्धांत उभा आहे. आम्ही त्याला दुहेरी परिणामाचा सिद्धांत म्हणतो. त्याचं मूळ तेराव्या शतकात, थॉमस अ‍ॅक्विनास या ख्रिस्ती धर्मपंडिताच्या लिखाणात सापडतं. त्यानं विषय घेतला होता स्वसंरक्षणाचा. कुणी अंगावर धावून आला, मी जीव वाचवायला वार केला आणि तो मेला. अ‍ॅक्विनास म्हणतो, एका कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक ज्याच्यासाठी ती केली आणि दुसरा जो सोबत आला. कृतीचा नैतिक रंग पहिल्यावरून ठरतो. पण त्यानं लगेच पुढे जोडलं आहे की गरजेपेक्षा जास्त जोर लावलात तर ती कृती चूक ठरते. पुढे लोकांनी "हेतू चांगला होता" एवढंच लक्षात ठेवलं आणि जोराचं मोजमाप विसरले. सिद्धांताचा बराचसा दुरुपयोग तिथूनच झाला, असं माझं मत आहे.

नंतरच्या विचारवंतांनी त्याला चार अटींचं रूप दिलं. कृती स्वतःत वाईट नसावी. हेतू चांगल्या परिणामाचाच असावा, वाईट परिणाम फक्त दिसत असावा. चांगला परिणाम वाईटाच्या मार्गाने मिळवलेला नसावा. आणि वाईटाची शक्यता पत्करावी इतकं कारण मोठं असावं. आक्कांना लावून पाहा. औषध देणं वाईट नाही. हवी होती शांतता, मृत्यू नको होता. कारण मोठं होतं, ओरखडे भरलेले दंड मी पाहिले होते. उरली तिसरी अट, आणि तीच खरी गंमत आहे.

तिसरी अट विचारते की आराम मृत्यूतून आला का? आक्का मेल्या म्हणून त्यांची तळमळ थांबली, असं होतं का? नाही. त्या जिवंत असतानाच शांत झाल्या. मृत्यू आला नसता तरी उपचार यशस्वीच ठरला असता. ही कसोटी मी विद्यार्थ्यांना नेहमी देते. समजा औषध देऊन रुग्ण आठवडाभर शांत जगला, तर तुम्हाला "जमलं" वाटेल की "फसलं"? फसलं असं वाटणार असेल, तर हेतू काय होता ते तुम्हालाच कळलं.

पण इथे एक अडचण आहे, ती पुस्तकी चर्चेत बरेचदा झाकली जाते. मॉर्फिनच्या उदाहरणात आराम एका बाजूला आणि श्वास मंदावण्याची जोखीम दुसऱ्या बाजूला, दोन्ही एकाच औषधाचे वेगवेगळे परिणाम. गुंगीचं तसं नाही. गुंगीत शुद्ध हरपणं हा "सोबत आलेला" परिणाम नाही, तोच तर आरामाचा मार्ग आहे. आम्ही शुद्ध घालवतो, म्हणून त्रास थांबतो. म्हणजे शुद्ध हरपणं ही वाईट गोष्ट मानली, तर तिसरी अट सरळ मोडते. दुहेरी परिणामाचं नाव घेऊन ही अडचण सुटत नाही.

सुटते ती अशी. शुद्ध हरपणं म्हणजे नुकसान आहे, पण पाप नाही. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला भूल देतो तेव्हाही शुद्ध मुद्दामच घालवतो आणि त्याबद्दल कुणी सिद्धांत मागत नाही. फरक इतकाच की भूल उतरते, ही गुंगी कदाचित उतरणार नाही. म्हणून शुद्ध घालवायची की नाही, किती आणि कधीपर्यंत, हा प्रश्न प्रमाणाचा होतो. तिथे चौथी अट कामाला येते, तिसरी नाही. 1957 साली भूलतज्ज्ञांपुढे बोलताना पोप बाराव्या पायसनी असंच धरलं होतं: वेदनेसाठी औषध देता येतं, त्यानं आयुष्य कमी होऊ शकत असलं तरी. पण गंभीर कारणाशिवाय माणसाची शुद्ध हिरावून घेऊ नये, विशेषतः त्याची महत्त्वाची कर्तव्यं उरली असतील तर. आमच्याकडे कर्तव्य म्हणजे बहुधा शेवटचं बोलणं. म्हणूनच भेटून घ्या, असं आधी सांगतो.

दुसरा परिणाम, म्हणजे मृत्यू लवकर येणं, खरंच घडतो का? सिद्धांतावर वाद घालणारे बरेच जण हे तपासतच नाहीत. इटलीत माल्टोनी आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुंगी दिलेले आणि न दिलेले कर्करोगाचे रुग्ण शेजारी ठेवून पाहिले. रुग्णालयात आल्यापासून जगलेल्या दिवसांचा मध्यक गुंगी दिलेल्यांत 12 आणि इतरांत 9 निघाला. आकड्यांतला फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीनं नगण्य. 2015 मध्ये अशा सगळ्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यातही गुंगीमुळे मृत्यू लवकर येतो असा पुरावा मिळाला नाही. या अभ्यासांत कुणाला गुंगी द्यायची हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं, ठरवणं शक्यही नाही. त्यामुळे पुरावा पोलादी नाही. तरी सगळा एकाच दिशेचा आहे: मोजून, हळूहळू वाढवत दिलेली गुंगी साधारणपणे मृत्यूला ओढून आणत नाही. लोक गुंगीनंतर दगावतात कारण गुंगी दिली जाते ती आयुष्याचे तास किंवा थोडे दिवस उरलेल्यांनाच.

म्हणून मला दुहेरी परिणामाचा आधार उगाच घेतलेला आवडत नाही. डॉक्टरनं "जीव जाऊ शकतो, पण आमचा हेतू चांगला आहे" असं म्हटलं की घरच्यांच्या कानात पहिलाच भाग राहतो. मॉर्फिन म्हणजे मरणाचं औषध, ही समजूत आमच्या भागात घट्ट आहे, आणि तिच्यामुळे दुखणाऱ्या माणसाला महिनोन्‌महिने औषध मिळत नाही. सिद्धांत लागतो तो क्वचित, जिथे खरोखर जोखीम आहे तिथे: धाप लागलेला रुग्ण, फुप्फुसं आधीच भरलेली, डोस झपाट्यानं वाढवावा लागतोय.

घरच्यांना घाबरवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे श्वास. आक्कांचा श्वास दुसऱ्या दिवशी बदलला. पाच-सहा श्वास भरभर, मग हळू, मग पंधरा-वीस सेकंद काहीच नाही, मग पुन्हा सुरुवात. धाकटा मुलगा धावत आला, "औषधानं श्वास बंद पडतोय!" मॉर्फिनसारख्या औषधाचा डोस जास्त झाला तर श्वास मंद होतो पण एकसारखा, मिनिटाला सहा-आठ, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. मरणाच्या जवळचा श्वास वेडावाकडा, थांबून थांबून येणारा असतो आणि तो औषध नसतानाही तसाच होतो. आक्कांच्या बाहुल्या साध्या होत्या. मी त्याच्या शेजारी बसून घड्याळ लावून मोजून दाखवलं. तो मोजत मोजतच शांत झाला.

हेतू माणसाच्या डोक्यात असतो आणि डोकं उघडून दाखवता येत नाही, हा या सिद्धांतावरचा सर्वांत जुना आक्षेप. खरा आहे. पण न्यायालयांनी यातून एक वाट काढली आहे, आणि ती मला पटते. दोन खटले पाहू, दोन्ही इंग्लंडमधले.

1957 साली ईस्टबर्नच्या डॉ. जॉन बॉडकिन अ‍ॅडम्स यांच्यावर एका वृद्ध रुग्ण बाईच्या खुनाचा खटला चालला. मॉर्फिन आणि हेरॉइन भरमसाट देऊन त्यांनी तिला मारलं, हा आरोप. तिची काळजी घेणाऱ्या परिचारिका साक्षीला उभ्या राहिल्या. आठवणीतून त्यांनी सांगितलं की इंजेक्शनं मोठी होती, बाई गुंगीतच असायची. मग बचावाच्या वकिलांनी त्यांच्याच हातच्या, त्या काळी लिहिलेल्या नोंदवह्या काढल्या. त्यांत डोस कमी होते, आणि ज्या दिवसांत बाई बेशुद्ध होती असं सांगितलं गेलं होतं, त्या दिवसांत ती बोलत होती, जेवत होती. आरोप तिथेच ढासळला. न्यायमूर्ती पॅट्रिक डेव्हलिन यांनी ज्यूरीला जे सांगितलं ते नंतर फार गाजलं. आजार बरा करणं शक्य नसतं तेव्हाही डॉक्टरला बरंच काही करता येतं, आणि दुखणं व यातना कमी करण्यासाठी योग्य आणि आवश्यक ते सगळं करण्याचा त्याला हक्क आहे, त्यानं आयुष्य योगायोगानं थोडं कमी झालं तरी. पण त्यांनी हेही स्पष्ट केलं की डॉक्टरसाठी खुनाचा वेगळा कायदा नाही. अ‍ॅडम्स निर्दोष सुटले. त्यांच्याबद्दलचा संशय मात्र पुढेही राहिला, तो वेगळा विषय.

दुसरा खटला 1992 चा, विंचेस्टरचा. डॉ. नायजेल कॉक्स यांच्याकडे संधिवाताची सत्तर वर्षांची रुग्ण अनेक वर्षं उपचार घेत होती. ती मरणाच्या टेकीला आली होती, हात लावला तरी ओरडायची, हेरॉइनचे मोठे डोस देऊनही आराम नव्हता. तिनं मरण मागितलं होतं, मुलांचा विरोध नव्हता. कॉक्सनी तिला पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन दिलं, थोड्या वेळात ती गेली. त्यांनी ते केसपेपरवर लिहिलंसुद्धा. एका सिस्टरनं ते वाचलं आणि वर कळवलं. देहाचं दहन होऊन गेल्यामुळे मृत्यूचं नेमकं कारण सिद्ध करता येईना, म्हणून आरोप लागला खुनाच्या प्रयत्नाचा. ते दोषी ठरले, शिक्षा बारा महिन्यांची, स्थगित. वैद्यकीय परिषदेनं ताकीद देऊन सोडलं.

कॉक्स हा दुष्ट माणूस नव्हता, असं मला ते वाचताना दर वेळी वाटतं. पण पोटॅशियम क्लोराइड दुखणं थांबवत नाही, झोप आणत नाही. अशा पद्धतीनं, भराभर शिरेतून दिलं तर ते हृदय थांबवतं. म्हणजे तिथे आराम मृत्यूतूनच येणार होता, दुसरा मार्गच नव्हता. तिसरी अट इथे मोडते आणि ती मोडल्याचं औषधाचं नावच सांगतं. मनातला हेतू शोधायची गरज उरत नाही.

हीच माझी कसोटी आहे आणि कॉक्सच्या खटल्यापेक्षा कमी नाट्यमय प्रसंगांनाही ती लागू पडते. औषध कोणतं? पहिला डोस किती आणि का तेवढा? नंतर वाढवला तो काय पाहून? मध्ये किती वेळ थांबलात? शांत झाल्यावर आणखी वाढवला का? समजा आक्कांच्या केसपेपरवर असं असतं: पहिल्याच वेळी मिडाझोलाम 30 मिलीग्रॅम शिरेतून, सोबत मॉर्फिन एकदम तिप्पट, दुखण्याची किंवा तळमळीची नोंद नाही, रात्रभर कुणी पाहिलं नाही. औषधं तीच, तरी हेतू वेगळा दिसतो, डॉक्टर तोंडानं काहीही म्हणोत. उलट 2.5, थांबा, पाहा, पुन्हा 2.5, शांत झाल्यावर तिथेच थांबा: असा कागद दुसऱ्या कुणी डॉक्टरनं उघडला तर त्यात त्रास शमवण्याशिवाय दुसरं काही सापडत नाही. जोर गरजेपुरता, ही अ‍ॅक्विनासची जुनी अट इथे मिलीग्रॅममध्ये उतरते.

आपल्या कायद्यात हे शब्द थोडे वेगळे आहेत, पण जागा आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम 88 नं म्हटलं होतं की मृत्यू घडवण्याचा उद्देश नसेल, माणसाच्या भल्यासाठी, सद्भावनेनं, त्याच्या संमतीनं काही केलं, आणि त्यातून अपाय होण्याची शक्यता माहीत असली, तरी तो गुन्हा नाही. कायद्यातलं उदाहरण शल्यविशारदाचं आहे: शस्त्रक्रियेत रुग्ण दगावू शकतो हे त्याला ठाऊक आहे, पण त्याला मारायचं नाही, बरं करायचं आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम 26 म्हणून आलं आहे. संमती देऊ न शकणाऱ्यांसाठी वेगळं कलम आहे. मात्र आपल्या खुनाच्या व्याख्येत नुसत्या उद्देशाला नाही, मृत्यू येऊ शकतो हे माहीत असण्यालाही वजन आहे, त्यामुळे डॉक्टर बिचकतात. या बिचकण्यावर उत्तर लेखी नोंद हेच आहे.

इथे अरुणा शानबाग यांचं प्रकरण लोक हमखास काढतात. केईएममधल्या परिचारिकेवर 1973 मध्ये हल्ला झाला, त्या चार दशकांहून जास्त काळ तशाच पडून राहिल्या, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा आधार काढायला नकार देताना, उपचार थांबवण्याची वाट मात्र अटींसह मोकळी केली. पुढे 2018 च्या निकालानं ती अधिक पक्की केली. पण तो प्रश्न जीवनरक्षक उपचार थांबवण्याचा आहे. आक्कांचा कुठलाही उपचार थांबवलेला नव्हता, एक नवा सुरू केला होता. दोन्हींचा गोंधळ करून घरच्यांकडून "इच्छामरणाला संमती" अशा अर्थाच्या कागदावर सह्या घेतल्याचं मी ऐकलं आहे. त्यानं कुणाचंच भलं होत नाही.

उपचार थांबवणं आणि गुंगी देणं या दोन गोष्टी एकत्र येतात तिथे मात्र मी सावध असते. गुंगीतला माणूस जेवत नाही, पाणी पीत नाही. आयुष्याचे एक-दोन दिवस उरले असतील तर त्यानं काही बदलत नाही, मरणाऱ्या शरीराला तहान-भूक आपोआप मावळलेली असते, आणि सलाईननं उलट फुप्फुसांत पाणी साठून घरघर वाढू शकते. पण ज्याचे दोन-तीन महिने उरलेत अशा माणसाला खोल, अखंड गुंगी दिली आणि सलाईन दिलं नाही, तर तो आजारानं नाही, उपाशीपोटी जाईल. तिथे दुसरा परिणाम "योगायोग" राहत नाही, तो ठरलेला असतो. म्हणून युरोपच्या उपशामक उपचार संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक चौकटीतही अखंड खोल गुंगी आयुष्याचे तास किंवा थोडे दिवस उरलेल्यांपुरती धरली आहे. सलाईन द्यायचं की नाही, हा निर्णय गुंगीच्या निर्णयापेक्षा वेगळा लिहावा, एकाच ओळीत गुंडाळू नये.

आणि "जगायचंच नाही" म्हणणाऱ्या, शरीराचा त्रास फारसा नसलेल्या माणसाला झोपवावं का? मी आधी थांबून-थांबून गुंगी देते. एक रात्र झोपू द्यायचं, सकाळी उतरू द्यायची, मग विचारायचं. एकदा एका गृहस्थांनी सकाळी डोळे उघडून पहिल्यांदा "चहा आहे का" विचारलं. पुढचे नऊ दिवस त्यांना गुंगीची गरज पडली नाही.

आक्का तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला गेल्या. दोन आठवड्यांनी थोरला मुलगा कागदपत्रांसाठी आला. बसला, इकडचं-तिकडचं बोलला, मग म्हणाला, "मॅडम, त्या शेवटच्या इंजेक्शनानं…" मी केसपेपर काढून त्याच्या पुढे ठेवला आणि सिस्टरच्या अक्षरातली ओळ दाखवली. शेवटचा जादा डोस: आदल्या दिवशी संध्याकाळी 7:10, मिडाझोलाम 2.5, कारण "हात झटकते, कण्हते". त्याखाली 7:40, "शांत, कपाळ सैल". त्यापुढे रात्रभर पंप 25 वरच, जादा काही नाही. तो बोट फिरवत ओळी वाचत गेला, पहाटे चारच्या नोंदीवर थांबला. तिथे लिहिलं होतं, "सून उशाशी, ओठ ओल्या कापसानं पुसले." त्यानं विचारलं, "ह्याची झेरॉक्स मिळंल का?"